घरचंच आहे म्हणून कोणी सांगत नाही, अन् विचारतही नाही: जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब/मॅडम,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते, डी. फार्म केलंय, काउंटरवर बसून चौदा वर्षं झाली. हे पत्र फक्त एका मुळीबद्दल आहे, ज्येष्ठमध. कोणी मुलेठी म्हणतं, डब्यावर यष्टिमधु लिहिलेलं असतं. आपल्याकडे खोकला आला, घसा बसला, छातीत जळजळ झाली की पहिला हात हिच्यावरच जातो, किराणा दुकानात हळदीशेजारच्या बरणीत काड्या मिळतात आणि त्यासाठी कोणाला काही विचारावं लागत नाही. मीही विकते. आणि मागच्या हिवाळ्यात माझ्याच दुकानातली एक बरणी माझ्या वहिनीच्या पोटात गेली म्हणून हे लिहायला बसलेय.

वहिनीचं पहिलंच बाळंतपण. सहावा महिना लागला तेव्हा डिसेंबर होता, कापसाची वेचणी संपत आलेली, शेतात पहाटेचं दव आणि घरात सगळ्यांना खोकला. तोपर्यंतच्या प्रत्येक तपासणीत तिचं बीपी 110/70 च्या आसपास, हिमोग्लोबिन जरा कमी, बाकी सगळं ठीक. आता गरोदरबाईला खोकल्याचं औषध नको म्हणून माझ्या आईने काढा सुरू केला, ज्येष्ठमधाची बोटाएवढी काडी ठेचून, आलं, तुळस घालून, दोन ग्लास पाणी उकळून एक ग्लास करायचं आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा द्यायचा. त्यात वहिनीला ॲसिडिटी फार, म्हणून दुपारी आणि रात्री जेवण झालं की एक एक चमचा ज्येष्ठमधाचं चूर्ण कोमट पाण्यातून, हेच ते माझ्या दुकानातलं, आणि भावाने मागवून दिलंन गरोदर बायकांसाठीच्या हर्बल चहाचं एक पाकीट, पुढे मोठ्या अक्षरात शंभर टक्के नैसर्गिक, मागे बारीक अक्षरात घटक आणि त्या घटकांत तिसरं नाव मुलेठी. तिन्ही गोष्टी तीन माणसांनी दिल्या, तिघांनी प्रेमानेच दिल्या, आणि तिन्हीत एकच मुळी आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा. चूर्णाची बरणी मी स्वतः पिशवीत घालून दिली होती आणि तेव्हा काढ्याचं मला माहीतच नव्हतं.

खोकला आठ दिवसांत गेला. पण काढा चालूच राहिला, कारण गोड लागतो आणि वहिनीला आवडायला लागला होता. असं करत करत पाच आठवडे गेले. मग ती म्हणायला लागली की पाय भरून येतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, दोन पायऱ्या चढल्या की मांड्यांत जीवच राहत नाही. आई म्हणाली, होतं गं असं, पोटुशी बाईचे पाय सुजतातच. खरंही आहे, बऱ्याच जणींचे सुजतात, म्हणूनच तर कोणी लक्ष दिलं नाही. 9 तारखेच्या तपासणीला नेलं तेव्हा बीपी 150/96 निघालं. बसवून ठेवून चार तासांनी परत बघितलं तर 148/98. डोकं दुखत होतं. तिथल्या मॅडमनी लगेच पुढे पाठवलं आणि ते अगदी बरोबर केलं, कारण पाच महिन्यांनंतर अचानक बीपी चढलं की पहिली शंका प्रीक्लॅम्पसियाचीच घ्यायची असते, त्यात झटके येऊन बाई आणि बाळ दोघं जाऊ शकतात.

तिथे ॲडमिट केलं, बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवीत प्रोटीन नाही. प्लेटलेट नॉर्मल, लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल, सोनोग्राफीत बाळाची वाढ ठीक. फक्त पोटॅशियम 2.8 आलं, जे साडेतीनच्या वर पाहिजे. त्यावर फिजिशियन डॉक्टर अडले. म्हणाले, बीपी वाढलंय हे समजलं पण पोटॅशियम का पडलंय? उलट्या चालू आहेत का, नाही. जुलाब, नाही. लघवी जास्त होण्याची गोळी दिली होती का, नाही. मग त्यांनी आईला विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का हिला, आणि आई म्हणाली, "काही नही डॉक्टर, जे शे ते घरनंच शे."

साहेब, मला तुमच्यासमोर जी गोष्ट ठेवायचीय ती या एका उत्तरात आहे. आई खोटं बोलली नाही. तिच्या लेखी औषध म्हणजे गोळी, इंजेक्शन, बाटली. काढा म्हणजे औषध नाही, काढा म्हणजे स्वयंपाकघर. त्याआधीच्या सगळ्या तपासण्यांत वहिनीला कोणी ना कोणी विचारलं असणार की काही औषध चालू आहे का, आणि प्रत्येक वेळी तिने मान हलवून नाहीच सांगितलं असणार. त्या डॉक्टरांनी मात्र "घरचं म्हणजे काय काय?" असं पुढे विचारलं आणि वहिनी स्वतःच म्हणाली, मुलेठीचा काढा घेते मी, छान लागतो. डॉक्टर म्हणाले बरणी, पाकीट जे असेल ते सगळं घेऊन या.

आता हे होतं कसं ते मला जेवढं कळतं तेवढं सांगते, तुम्हाला माहीतच आहे पण हे पत्र बाकीचे लोकही वाचतील. आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन असतं, ताण आला की वाढतं ते. मूत्रपिंडात मीठ धरून ठेवणारी जी यंत्रणा आहे ती दुसऱ्या एका हार्मोनच्या, अल्डोस्टेरॉनच्या, हुकमाने चालते, पण तिला कॉर्टिसोलही तसंच दिसतं, दोघांतला फरक तिला कळत नाही. म्हणून तिथे एक एन्झाइम बसवलेलं असतं जे कॉर्टिसोलला आत शिरण्याआधीच निकामी करतं. ज्येष्ठमधाला जो गोडवा आहे तो ग्लिसराइझिन नावाच्या पदार्थाचा, आणि पोटात गेल्यावर त्याचं जे बनतं ते नेमकं याच एन्झाइमला बंद पाडतं. मग कॉर्टिसोल मोकळं सुटतं, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं, पायांवर सूज येते, आणि मिठाच्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. पोटॅशियम पडलं की स्नायूंत गोळे येतात, ताकद जाते, आणि फारच पडलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. वहिनीच्या पोटऱ्यांतले गोळे आणि मांड्यांतला अशक्तपणा तिथूनच आला होता.

आणि हेच एन्झाइम वारेतही असतं. आईच्या अंगातलं कॉर्टिसोल सगळंच्या सगळं बाळापर्यंत जाऊ नये म्हणून. ते अडवणारंच ढिलं पडलं तर जास्तीचं कॉर्टिसोल बाळाकडे जातं. फिनलंडमध्ये लिकोरिसची, म्हणजे याच मुळीच्या अर्काची, मिठाई लोक खूप खातात, त्यामुळे यावरचा अभ्यास तिथे झाला. 1998 मध्ये बाळंत झालेल्या हजाराहून थोड्या जास्त बायका त्यांनी पाहिल्या आणि ज्यांच्या पोटात आठवड्याला 500 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लिसराइझिन जात होतं त्यांची बाळंतपणं लवकर होण्याचं प्रमाण जास्त निघालं, हे 2001 मध्ये छापून आलं. पुढे त्यातली मुलं साधारण बारा-साडेबारा वर्षांची झाल्यावर 378 मुलांच्या चाचण्या घेतल्या, तर जास्त लिकोरिस खाल्लेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सातेक गुणांनी कमी होता. हा अभ्यास नुसता निरीक्षणाचा आहे, त्यावरून अमुक एका बाळाचं अमुक झालंच असं कोणी म्हणू शकत नाही, आणि कोणी खोकल्याची एखादी गोळी चघळली म्हणून घाबरून जाण्याचं काहीच कारण नाही. पण त्यांच्या सरकारी आरोग्य संस्थेने 2016 मध्ये गरोदर बायकांसाठीच्या आहारसल्ल्यात लिकोरिस टाळा असं लिहिलं. आपल्याकडे ती मिठाई नाही, पण मूळ तर आपण थेटच खातो.

त्या रात्री वॉर्डाबाहेर बसून मी बिलाच्या पाठीमागे हिशोब केला. चांगल्या प्रतीच्या ज्येष्ठमधात वजनाच्या कमीत कमी चार टक्के तरी ग्लिसराइझिन असतं, जास्तही असू शकतं. चूर्णाचा एक भरलेला चमचा साधारण तीन ग्रॅम, दोन चमचे म्हणजे सहा ग्रॅम, त्याचे चार टक्के म्हणजे 240 मिलिग्रॅम. काढ्यातली काडी मी पाच ग्रॅम धरली आणि उकळून त्यातलं निम्मंच पाण्यात उतरलं असं मानलं तर आणखी 100. झाले 340, चहाचा हिशोब लागतच नाही कारण पाकिटावर घटक लिहिलेत पण कपात किती हे नाही. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने रोज घेणाऱ्या साध्या धडधाकट माणसाला दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका असं 2003 मध्ये सांगितलंय. म्हणजे वहिनी रोज तिप्पट घेत होती, आणि फिनलंडवाल्यांनी आठवड्यात जेवढं म्हणजे जास्त धरलं तेवढं तिच्या पोटात दीड दिवसात जात होतं, पाच आठवडे. हा माझा अंदाजाचा हिशोब आहे, मुळीची प्रत आणि चमचा बदलला की आकडा बदलेल. पण बघा, एकटा दोन चमचे चूर्णाचा आकडाच त्या मर्यादेच्या दुपटीवर जातोय, आणि बरणीवर घ्यायला तेवढंच लिहिलेलं होतं, आईने काही जास्त दिलं नव्हतं.

तिन्ही गोष्टी बंद केल्या. पोटॅशियम आधी सलाइनमधून, मग सिरप. बीपीच्या गोळ्या चालू ठेवल्या, कारण काढा बंद केला म्हणून बीपी दुसऱ्या दिवशी उतरत नाही, त्या मुळीचा असर जायला एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. दहाव्या दिवशी पोटॅशियम 3.9. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी केली आणि तिसऱ्या आठवड्यात गोळीशिवाय बीपी 118/76. नंतर शेवटपर्यंत चढलं नाही. डॉक्टरांनी कागदावर ज्येष्ठमधामुळे असण्याची शक्यता असंच लिहिलंय, खात्रीने असं लिहिलं नाही, आणि ते योग्यच आहे. अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, 2 किलो 700 ग्रॅम.

मला झोप येत नाही ती यापुढच्या विचाराने. समजा कोणी विचारलंच नसतं, तर वहिनी बीपीच्या गोळ्या घेऊन घरी आली असती आणि आईने आता तर जास्तच जपायचं म्हणून काढा दोनाचा तीनदा केला असता. बीपी गोळीला दाद देत नाही म्हटल्यावर गोळ्या वाढल्या असत्या, आणि शेवटी आईचा जीव वाचवायला बाळ वेळेआधी काढायचा निर्णय झाला असता, सातव्या महिन्यात, आणि कोणाची चूकही म्हणता आली नसती. अशा किती जणी आपल्या तीन जिल्ह्यांत असतील मला माहीत नाही, पण विचारलंच जात नाही तर कळणार तरी कसं.

काही जण म्हणतील आयुर्वेदावर बोट ठेवतेय. नाही ठेवत. जुन्या ग्रंथांत गर्भिणीसाठी ज्येष्ठमधाचं नाव येतं हे मलाही माहिती आहे. पण चांगला वैद्य नाडी बघतो, महिना बघतो, बाईची प्रकृती बघतो, मात्रा ठरवतो आणि इतके दिवस घे मग मला भेट असं सांगतो. तो पाच आठवडे तीन डब्यांतून एकच मुळी देत नाही. माझ्या ओळखीच्या एका वैद्यबाईंना मी हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, बीपी वाढलेल्या किंवा पायावर सूज असलेल्या बाईला मी ज्येष्ठमध देतच नाही. म्हणजे जाणत्या माणसाला हे ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आम्हाला, विकणाऱ्यांना आणि घरी देणाऱ्यांना. कोरोनापासून तर प्रत्येक घरात काढ्याचं पातेलं कायमचंच झालंय आणि त्यात कोण काय टाकतं याला धरबंध नाही.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. वहिनीच्या माता बाल संरक्षण कार्डावर मी शोधलं, घरगुती औषधांसाठी वेगळी जागा मला कुठे दिसली नाही. नवीन कार्ड छापा असं मी म्हणत नाही. पण आशाताई आणि सिस्टर यांना एवढं सांगा की "औषध घेतेस का" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर नाही असंच येतं. काढा घेतेस का, चूर्ण घेतेस का, चाटण, पुडी, मुळी, वेगळा चहा, कोणी काही उगाळून देतं का, असं एकेक नाव घेऊन विचारा, आणि सुनेला एकटीला विचारा, सासूसमोर ती बोलेलच असं नाही, मग सासूलाही विचारा पण रागवून नाही, कारण एकदा रागावलं की पुढच्या वेळी डबा लपतो. आमच्याकडे अहिराणीत विचारा. धडगाव, अक्कलकुव्याकडे पावरीत, भिलीत विचारा, तिथल्या बायकांच्या मुळ्यांची नावं मला माहीत नाहीत पण तिथल्या आशाताईंना नक्की माहीत असतील, त्यांच्याकडूनच यादी करून घ्या. आणि महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीला येताना जे काही घेतेस तो डबा, ते पाकीट पिशवीत घालून आण असं आधीच्या आठवड्यात सांगून ठेवा. कागद भरण्यापेक्षा डबा टेबलावर आला की बघणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं.

दुसरं, ज्या गरोदर बाईचं बीपी 140/90 किंवा वर निघतं तिला ज्येष्ठमधाचं तेव्हाच विचारलं जावं, आणि जिथे तपासणीची सोय आहे तिथे पोटॅशियम बघितलं जावं. प्रीक्लॅम्पसियाचे उपचार थांबवून नाही, ते चालूच ठेवून. दोन्ही एकाच बाईला असू शकतं, आणि मुलेठी खाल्ली होती म्हणून बीपी चढलं असेल असं घरच्या घरी ठरवून कोणी गोळ्या बंद केल्या तर ते त्याहून मोठं संकट. हे पत्र वाचणाऱ्या कोणत्याही ताईने तसं करू नये, हात जोडून सांगते. ज्येष्ठमध घेत असाल तर ते बंद करा, आणि त्याच दिवशी बीपी मोजून घ्या, डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, पोटात वरच्या बाजूला दुखत असेल तर थांबू नका, थेट दवाखाना.

तिसरं आमच्यासारख्यांसाठी. अन्न व औषध प्रशासनाला तुम्ही एक पत्र तरी लिहा की ज्येष्ठमध असलेल्या चूर्णावर आणि चहावर, खास करून जो चहा गरोदर बायकांच्या नावानेच विकला जातो त्यावर, गरोदरपणात वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको हे मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात यावं. यष्टिमधु, मुलेठी, लिकोरिस, ग्लिसराइझा ग्लाब्रा ही सगळी एकाच मुळीची नावं आहेत हे माझ्या काउंटरवरच्या पोराला माहीत नव्हतं, मग बाजारात आलेल्या बाईला कुठून कळणार. आणि किराण्यातल्या सुट्या काडीवर तर लेबलच नसतं, तिथे दुकानदारानेच तोंडाने सांगायला पाहिजे.

लोक लगेच विचारतात, मग खोकल्याला द्यायचं काय? वहिनीच्या खोकल्याला खरं तर कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, थोडा मध, चहात आल्याचा तुकडा नि तुळशीची चार पानं एवढ्यावरही आठ दिवसांत उतार पडला असता, साधा सर्दीखोकला तेवढ्यात जातोच. ताप असेल, दम लागत असेल, दोन आठवडे झाले तरी खोकला जात नसेल तर दाखवायचं, कारण टीबीची तपासणी गरोदरपणातही करावी लागते. ॲसिडिटीला गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या, सिरप आहेत, डॉक्टर लिहून देतात, मी रोज देते. चूर्णापेक्षा ते सेफ आहे हे सांगायला पूर्वी माझी जीभ अडायची, कारण केमिकलपेक्षा नैसर्गिक बरं असं समोरची बाई ठरवूनच आलेली असायची आणि मलाही ते कुठेतरी पटलेलं होतं.

आता माझ्या दुकानात ज्येष्ठमधाची बरणी पुढच्या रॅकमधून काढून माझ्या पाठीमागे ठेवलीय. मागितली की मी विचारते, कोणासाठी पाहिजे, घरात कोणी गरोदर आहे का, कोणाला बीपी आहे का. काही गिऱ्हाईकं चिडतात, म्हणतात मुलेठी मागितली की काय विष मागितलं. मागच्या आठवड्यात एक म्हातारी आजी आल्या, विचारल्यावर म्हणाल्या नातसुनेसाठी नेतेय, पाचवा महिना आहे, पाय सुजतात तिचे. मी बरणी दिली नाही, आजींना सांगितलं की उद्या तिला घेऊन या, आधी बीपी मोजू. त्या आल्या. 132/84 होतं. किती दिवसांपासून काढा चालू आहे विचारलं तर नातसून म्हणाली तीन आठवडे, आणि तिच्या कार्डावर त्याची एक ओळसुद्धा नव्हती.

मी त्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहून दिलंय, "ज्येष्ठमध काढा 3 आठवडे, आज बंद केला, बीपी दर आठवड्याला बघा", खाली तारीख आणि दुकानाचा शिक्का. असं लिहायचा मला अधिकार आहे का मला माहीत नाही. नसेल तर तसं कळवा, मी बंद करते, पण मग ते कोण लिहिणार तेही त्याच कागदावर कळवा.

आपली,
एक फार्मसिस्ट
जळगाव जिल्हा